निविदा नामंजूर झाल्यावर : कारण कसे विचारावे आणि केव्हा

निविदा भरणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांच्या पदरी नकार येतो, हे या व्यवहाराचे गणितच आहे. तरीही नकार आल्यानंतर काय करावयाचे, याची माहिती गावोगावच्या लघुउद्योजकांना, सहकारी संस्थांना व बचतगटांना क्वचितच असते. निविदा कशी भरावी यावर शिबिरे होतात, पुस्तिका निघतात. नामंजूर झालेल्या निविदेविषयी मात्र कोणी बोलत नाही. परिणामी दोनच मार्ग चोखाळले जातात. बहुतेक जण गप्प बसतात व पुढल्या वेळी तीच चूक पुन्हा करतात. उरलेले थोडे जण संतापून तक्रार अर्ज लिहितात, त्याच्या प्रती आमदारांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वांना पाठवितात, आणि त्या कार्यालयाशी असलेले संबंध कायमचे बिघडवून घेतात. या दोहोंच्या मधला एक साधा व सरळ मार्ग आहे. तो म्हणजे खरेदीदार कार्यालयास पत्र लिहून आपली निविदा कोठे कमी पडली हे विचारणे.

असे विचारणे म्हणजे कार्यालयाकडे मेहरबानी मागणे नव्हे. केंद्र शासनाच्या ‘सामान्य वित्तीय नियम, २०१७’ मधील नियम १७३ यात याविषयी स्पष्ट तरतूद आहे. निविदेच्या अटी, निविदेची प्रक्रिया किंवा आपली निविदा नाकारली जाणे यांबाबत प्रश्न उपस्थित करण्याची सोय निविदा-कागदपत्रातच ठेवावी, आणि निविदाकाराने विचारणा केल्यास निविदा फेटाळण्याची कारणे त्याला सांगितली पाहिजेत, असे हा नियम म्हणतो. यशस्वी निविदाकाराचे नाव केंद्रीय खरेदी पोर्टलवर, तसेच खात्याच्या संकेतस्थळावर आणि सूचना-फलकावर अथवा पत्रिकेत प्रसिद्ध करावे, असेही त्यात सांगितले आहे. हे नियम केंद्र शासनाची मंत्रालये, खाती व त्यांच्या अखत्यारीतील संस्था यांच्यासाठी आहेत. राज्यांचे नियम वेगळे असतात. महाराष्ट्रात उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयान्वये खरेदीची कार्यपद्धती ठरविण्यात आली. कर्नाटकात, म्हणजे बेळगाव व आसपासच्या जिल्ह्यांतही, सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा १९९९ चा कायदा लागू आहे. तेव्हा आपण ज्या कार्यालयाकडे निविदा भरली ते कोणत्या नियमांखाली खरेदी करते, हे आधी पाहून घ्यावे. निविदा-कागदपत्राच्या पहिल्या काही पानांतच त्याचा उल्लेख असतो.

या नियमातील ‘विचारणा केल्यास’ या दोन शब्दांकडे लक्ष द्यावयास हवे. कार्यालयाने कारण आपण होऊन घरी पाठवावे, असे नियम म्हणत नाही. निविदाकाराने विचारले पाहिजे. जो विचारत नाही त्याला बहुधा एवढेच कळते की निविदा अमुक पुरवठादारास मिळाली.

विचारावयाचे केव्हा, हा पहिला प्रश्न. निविदा उघडल्यापासून पुरवठा आदेश निघेपर्यंतचा काळ हा छाननीचा काळ होय. या काळात निविदाकाराने खरेदी अधिकाऱ्यास भेटणे, दूरध्वनी करणे, ‘आमचे काय झाले’ म्हणून कोणाकरवी चौकशी करणे, हे सर्व वर्ज्य समजावे. छाननीवर प्रभाव पाडण्याचा प्रयत्न झाल्यास निविदा फेटाळता येईल, अशी अट बहुतेक निविदा-कागदपत्रांत असते. ती केवळ धमकी नसते. कार्यालयाने स्वतः एखादा खुलासा मागविला तर त्याचे लेखी उत्तर द्यावे, त्यापलीकडे काही करू नये. गावाकडचा भला उद्योजक येथेच चुकतो. त्याच्या दृष्टीने ती साधी विचारपूस असते. समितीतील सदस्याला तीच शिफारस वाटते.

दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत मात्र एक टप्पा मध्येच येतो. तांत्रिक लिफाफा आधी उघडला जातो व त्यात पात्र ठरलेल्यांचेच वित्तीय लिफाफे उघडतात. तांत्रिक छाननीत कोणी अपात्र ठरला तर त्याला त्याच वेळी कळविले जाते. त्यानंतर दाद मागण्याची मुदत फार थोडी असते. शासकीय ई-बाजारपेठेच्या, म्हणजे जेम पोर्टलच्या खरेदीत नाकारल्याचे कारण पोर्टलवरच दिसते आणि त्यावर निवेदन करण्यास अवघे दोन दिवस मिळतात. अशा वेळी शांतपणे अभिप्राय मागण्यास सवड नसते. कागद जोडलेला असूनही ‘जोडला नाही’ असा शेरा आला असेल, तर तो कागद कोणत्या पानावर आहे हे दाखवून तत्काळ निवेदन करावे. वित्तीय लिफाफे उघडल्यावर त्या मुद्द्यास फारसा अर्थ उरत नाही.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सारे त्यावर अवलंबून आहे. अभिप्राय मागणे वेगळे आणि निर्णयाविरुद्ध दाद मागणे वेगळे. पहिल्यात निर्णय मान्य करून त्यामागची कारणे समजून घ्यावयाची असतात. दुसऱ्यात निर्णय चुकीचा आहे असे म्हणून तो बदलण्याची मागणी असते. दाद मागण्यास मुदत असते व ती अभिप्रायाच्या पत्राने थांबत नाही. कर्नाटकाच्या वर उल्लेखिलेल्या कायद्यातील कलम १६ अन्वये निविदा स्वीकारण्याच्या आदेशाविरुद्ध अपील करावयाचे तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत करावे लागते. अन्यत्र ही मुदत निविदा-कागदपत्रात दिलेली असते व ती पुष्कळदा याहूनही कमी असते. पत्राचे उत्तर येण्याची वाट पाहत ही मुदत घालविणारे पुष्कळ असतात. म्हणून निकाल कळताच ती तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि अभिप्रायाचे पत्र शक्यतो दोन-तीन दिवसांतच पाठवावे. उत्तर वेळेत आले तर दाद मागण्याजोगे काही आहे की नाही, हेही त्यावरून ठरविता येते.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातील चूक रोजच्या व्यवहारातली आहे. गोव्यातील एका तालुक्याच्या गावी सुतारकाम व लोखंडी जोडकाम करणारा एक छोटा कारखाना आहे. केंद्र शासनाच्या अखत्यारीतील एका शिक्षणसंस्थेने दोन विद्यार्थ्यांना बसता येईल अशा २४० बाकांसाठी निविदा मागविली. कारखानदाराने हिशेब केला. लाकूड, लोखंडी चौकट, मजुरी, वाहतूक व नफा धरून एका बाकाची किंमत ४,३०० रुपये झाली. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ७७४ रुपये, मिळवून दर झाला ५,०७४ रुपये. चोवीस दशक बाकांचे एकूण १२ लाख १७ हजार ७६० रुपये. कारखाना तांत्रिक छाननीत पात्र ठरला. महिनाभराने संस्थेच्या सूचना-फलकावर व संकेतस्थळावर निकाल लागला. शेजारच्या जिल्ह्यातील एका पुरवठादाराची १२ लाख ७४ हजार ४०० रुपयांची निविदा सर्वांत कमी दराची म्हणून स्वीकारण्यात आली होती.

कारखानदाराच्या मनात काय आले असेल, हे सांगावयास नको. आपली रक्कम ५६,६४० रुपयांनी कमी असताना दुसऱ्याची निविदा ‘सर्वांत कमी’ कशी ठरली? गावातील चार जाणत्यांनी त्याला लाचलुचपत खात्याकडे जाण्याचा सल्ला दिला. एकाने तक्रारीचा मसुदाही तयार करून आणला. अशा वेळी माणूस रागाच्या भरात सही करतो.

त्याने सही केली असती तर पुढे काय घडले असते, ते पाहण्याजोगे आहे. तक्रार आली की खरेदी विभागाची नस्ती वरिष्ठांकडे जाते, चौकशी सुरू होते, आणि खरेदी अधिकारी त्या पुरवठादाराशी एकही शब्द लेखी वा तोंडी बोलत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी चौकशीत खरे कारण बाहेर येते आणि तक्रार निराधार ठरते. कारखानदाराला पुढल्या निविदेत कोणी अडविणार नाही; नियमाने तसे करताही येत नाही. पण निविदापूर्व बैठकीत त्याने काही विचारले तर मोकळेपणाने उत्तर देण्यास कोणी धजणार नाही.

उदाहरणातील कारखानदाराने तक्रारीऐवजी पत्र लिहिले, असे धरू. ते पत्र सुमारे असे असावे :

‘प्रति, माननीय खरेदी अधिकारी यांस. विषय : २४० शालेय बाकांच्या पुरवठ्याची निविदा – आमच्या निविदेच्या मूल्यमापनाविषयी माहिती मिळणेबाबत. महोदय, वरील निविदेचा निकाल आम्हांस सूचना-फलकावरून समजला. यशस्वी निविदाकाराचे अभिनंदन. आमच्या निविदेची छाननी केल्याबद्दल आपल्या कार्यालयाचे आम्ही आभारी आहोत. यापुढील निविदा अधिक काळजीपूर्वक भरता याव्यात, यासाठी सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १७३ च्या अनुषंगाने पुढील दोन बाबी कळविण्याची विनंती आहे. पहिली, तुलनात्मक तक्त्यात आमच्या निविदेचे मूल्य प्रति बाक किती धरण्यात आले, त्यात कोणकोणत्या बाबी मिळविण्यात आल्या, आणि आमचा क्रमांक कितवा लागला. दुसरी, आमच्या नमुना-बाकात अथवा कागदपत्रांत अपात्रतेस कारण न ठरलेली, परंतु सुधारण्याजोगी एखादी उणीव छाननीत आढळली काय. इतर निविदाकारांच्या कागदपत्रांची वा दरांच्या तपशिलाची आमची मागणी नाही, आणि या पत्राद्वारे झालेल्या निर्णयाचा फेरविचार व्हावा अशी आमची विनंती नाही. लेखी उत्तर देणे सोयीचे नसल्यास, आपण द्याल त्या वेळी समक्ष येऊन माहिती घेण्यास आम्ही तयार आहोत. आपला विश्वासू.’

पत्र लहान आहे, पण त्यातील प्रत्येक वाक्याला काम नेमून दिलेले आहे. ‘निविदा का नाकारली’ असे त्यात कोठेही विचारलेले नाही. या प्रश्नाला कार्यालय ‘सर्वांत कमी दर नसल्यामुळे’ असे एका ओळीचे उत्तर देऊ शकते, व ते खरेही असते. ‘आमचे मूल्य किती धरले आणि त्यात काय मिळविले’ या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते. तो आकडा तुलनात्मक तक्त्यात आधीच लिहिलेला असतो. कारकुनाने नस्ती उघडून तो उतरवून द्यावयाचा, एवढेच काम. ज्या प्रश्नाचे उत्तर नस्तीत तयार आहे तो प्रश्न विचारल्यास उत्तर लवकर येते. ज्याचे उत्तर कोणाला नव्याने रचावे लागेल तो प्रश्न टेबलावर पडून राहतो.

‘फेरविचाराची विनंती नाही’ हे वाक्य पुष्कळांना खटकेल. आधीच हात का वर करावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या एका वाक्यामुळे पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याची धास्ती जाते. आपण लिहिलेले उत्तर उद्या न्यायालयात आपल्याच विरुद्ध वापरले जाईल, या भीतीपोटी कार्यालये मोघम उत्तरे देतात. तथापि ज्याला खरोखर दाद मागावयाची आहे त्याने हे वाक्य लिहू नये. त्याचे पत्र निराळे व्हावे. त्यात अट क्रमांक, पान क्रमांक व मागणी स्पष्ट असावी, आणि ते मुदतीत दाखल करावे. एकाच कागदात आभारही आणि आरोपही, असे मिश्रण कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ असे लिहून संचालक, सचिव, मंत्रीमहोदय यांची नावे घालण्याची आपल्याकडे फार सवय आहे. माहिती मागणाऱ्या पहिल्या पत्रात ती टाळावी. वरिष्ठांना प्रत गेली की ते पत्र विनंती राहत नाही, आणि खालच्या अधिकाऱ्याला उत्तर देण्यापूर्वी वरून मंजुरी घ्यावी लागते. बयाणा रक्कम परत मागण्याचे पत्रही वेगळे असावे. नियमानुसार अयशस्वी निविदाकारांची बयाणा रक्कम निविदेची वैधता संपल्यावर लवकरात लवकर, व उशिरात उशिरा कंत्राट दिल्यापासून ३० व्या दिवसापर्यंत परत करावयाची असते. ते काम लेखा शाखेचे असते आणि अभिप्रायाचे काम खरेदी शाखेचे. दोन्ही विषय एका पत्रात आले की ते पत्र एका शाखेतून दुसऱ्या शाखेत फिरत राहते.

आता उदाहरणातील उत्तराकडे वळू. बारा दिवसांनी संस्थेचे पत्र आले. निविदेच्या दरपत्रकात ‘करांशिवाय दर’ असा एक रकाना व ‘कराचा दर’ असा दुसरा रकाना होता. कारखान्याने पहिल्या रकान्यात ५,०७४ आणि दुसऱ्यात १८ टक्के असे लिहिले होते. त्यामुळे छाननी समितीने ५,०७४ वर १८ टक्के कर आकारून एका बाकाचे मूल्य ५,९८७ रुपये ३२ पैसे धरले, व एकूण मूल्य १४ लाख ३६ हजार ९५६ रुपये ८० पैसे झाले. कारखान्याचा क्रमांक तिसरा लागला. यशस्वी निविदाकाराचा करांसह दर ५,३१० रुपये होता. दुसऱ्या प्रश्नाला एकाच ओळीत उत्तर होते : नमुना-बाकाच्या प्लायवुडच्या कडांना पट्टी बसविलेली नव्हती, ती अट या निविदेत नसल्याने त्यावरून अपात्र ठरविले नाही.

म्हणजे कर दोनदा धरला गेला होता, आणि तो धरावयास लावणारा आकडा कारखानदाराने स्वतःच्या हाताने भरला होता. पहिल्या रकान्यात ४,३०० लिहिले असते तर प्रति बाक २३६ रुपयांच्या फरकाने काम त्याला मिळाले असते. संस्थेने काहीही गैर केले नव्हते.

मग ही उघड चूक दुरुस्त करून त्याला काम का देता येऊ नये, असे वाचकाच्या मनात येईल. दरपत्रकात बेरीज-गुणाकाराची चूक असल्यास ती सुधारण्याचे ठरलेले नियम असतात. एककाचा दर व एकूण रक्कम यांत विसंगती असेल तर सहसा एककाचा दर प्रमाण मानतात. अक्षरी व अंकी रकमांत फरक असेल तर अक्षरी रक्कम प्रमाण मानतात. परंतु येथे कागदावर विसंगती नव्हतीच. दर स्पष्ट होता, कराचा दरही स्पष्ट होता. ‘मला यात कर धरलेला अभिप्रेत होता’ हे केवळ भरणाऱ्याच्या मनातले होते. इतरांचे दर कळल्यानंतर असा खुलासा स्वीकारावयाचा झाला, तर प्रत्येक हरलेला निविदाकार स्वतःचा आकडा खाली आणणारा काही ना काही अर्थ सांगेल. म्हणून उघडलेल्या निविदेतील दर बदलण्याची मुभा नसते. उदाहरणातील कारखानदाराचे नुकसान भरून येण्याजोगे नव्हते. तो पुढल्या निविदेपुरता सावध झाला, आणि एका निरपराध अधिकाऱ्यावर खोटा आळ घेण्यापासून वाचला.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बाबतीत आणखी एक बाब विचारण्यासारखी असते. केंद्र शासनाच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार, सर्वांत कमी दराचा निविदाकार असा उद्योग नसेल आणि एखाद्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचा दर त्याच्या दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतच अधिक असेल, तर त्याला तो कमी दर मान्य करून खरेदीचा काही भाग पुरविण्याची संधी द्यावयाची असते. वरील उदाहरणात ५,९८७ हा आकडा ५,३१० च्या १५ टक्क्यांच्या आतच येतो. मात्र यशस्वी पुरवठादारही सूक्ष्म उद्योगच होता, असे समजल्यास हा प्रश्न निकालात निघतो. तसा तो नसता तर, ‘धोरणानुसार आमचा विचार झाला काय, नसल्यास कोणत्या कारणाने’ हा तिसरा प्रश्न पत्रात आवश्यक ठरला असता. मग ते पत्र फेरविचार नको असे म्हणणारेही राहिले नसते.

उत्तर आल्यावर दोन ओळींचे पोचपत्र पाठवावे. माहिती मिळाली, चूक लक्षात आली, नमुन्याच्या कडांविषयीची सूचना पुढील कामात अमलात आणू, पुढील निविदेची सूचना पोर्टलवरून पाहत राहू, एवढे पुरे. दरपत्रकातील रकान्यांची मांडणी गोंधळाची होती असे कारखानदाराचे मत असेल, तर ते या पोचपत्रात लिहू नये. पुढल्या निविदेची निविदापूर्व बैठक ही त्याची जागा. तेथे ‘दर करांशिवाय भरावा की करांसह, हे रकान्याच्या मथळ्यात ठळक करावे’ असे सुचविले तर ती सूचना सर्वांच्या हिताची ठरते व इतिवृत्तात येते. निकालानंतर तेच वाक्य सबबीसारखे दिसते.

उत्तर आलेच नाही तर काय करावे? पंधरा-वीस दिवसांनी पहिल्या पत्राचा संदर्भ देऊन एक स्मरणपत्र पाठवावे व शक्य असल्यास समक्ष जाऊन आवक शाखेची पोच घ्यावी. कार्यालयात जावयाचे तर उत्तर नेमके कोणाच्या टेबलावर आहे, एवढेच विचारावे. तेथे उभ्या-उभ्या वाद घालू नये. त्यानंतरही काही न झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपलब्ध आहे. केंद्रीय कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क १० रुपये असून उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसांची आहे. या कायद्याखाली अस्तित्वात असलेला अभिलेख मिळतो. ‘का’ या प्रश्नाचे नव्याने लिहिलेले उत्तर त्याखाली मिळत नाही. म्हणून अर्जात ‘आमची निविदा का नाकारली’ असे न लिहिता ‘तुलनात्मक तक्त्याची प्रत’ व ‘तांत्रिक छाननी समितीच्या इतिवृत्तातील आमच्या निविदेविषयीच्या भागाची प्रत’ असे लिहावे. इतरांच्या व्यापारी गुपितांना कलम ८ मध्ये संरक्षण आहे. त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करावयाची झाल्यास कलम ११ अन्वये आधी त्याला कळवावे लागते, त्यामुळे तिच्यात वेळही जातो. हा अर्ज करण्यात काहीही गैर नाही. पण एका साध्या पत्राने मिळणारी माहिती पहिल्याच दिवशी या मार्गाने मागितली, तर कार्यालयही पुढे प्रत्येक शब्द मोजूनच बोलते.

ज्यांच्या हाती ही पत्रे येतात त्या अधिकाऱ्यांनी व मुख्याध्यापकांनीही थोडे लक्ष द्यावयास हवे. शाळेसाठी चार दरपत्रके मागवून बाक घेणारा मुख्याध्यापक हाही खरेदीदारच असतो. ‘सक्षम प्राधिकाऱ्याने आपली निविदा स्वीकारलेली नाही’ हे वाक्य उत्तर म्हणून पुष्कळ पत्रांतून जाते. त्यात निर्णय कोणी घेतला एवढेच कळते, कशावरून घेतला ते कळत नाही. अट क्रमांक, त्या अटीप्रमाणे काय हवे होते, निविदेत काय आढळले, आणि धरलेले मूल्य – एवढ्या चार गोष्टी लिहिल्या की उत्तर पुरे होते. इतर निविदाकारांच्या कागदपत्रांतील उणिवा, त्यांच्या दराची फोड, समितीतील कोणत्या सदस्याचे काय मत पडले, हे लिहू नये व तोंडीही सांगू नये. दोन निविदाकारांनी विचारले असेल तर दोघांनाही सारख्याच तपशिलाने उत्तर द्यावे. एकाला चहा पाजून समजावले व दुसऱ्याला छापील ओळ पाठविली, तर पक्षपात नसतानाही तो दिसू लागतो. छाननीच्या वेळीच प्रत्येक नामंजूर निविदेपुढे अट क्रमांकासह कारण लिहून ठेवण्याची शिस्त पाळली, तर हे उत्तर लिहिण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

खाजगी कंपन्या, सहकारी साखर कारखाने, खाजगी रुग्णालये यांच्या खरेदीस वरील शासकीय नियम लागू नसतात. तेथे कारण सांगण्याचे बंधन नसते. पत्रात नियमाचा उल्लेख केल्यास उलट वाईट दिसते. अशा ठिकाणी एकच प्रश्न विचारावा. दर, मुदत, माल व कागदपत्रे यांपैकी निर्णय मुख्यतः कशावर झाला? खरेदी व्यवस्थापक बहुधा दूरध्वनीवर दोन मिनिटांत सांगतो. तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐकून घ्यावे, आणि आपण दर आणखी कमी करू शकलो असतो, असे त्या संभाषणात म्हणू नये. तसे म्हटल्यास पहिला दर फुगविलेला होता असा अर्थ निघतो, व पुढल्या वेळी त्या गृहस्थांकडून प्रत्येक आकड्यावर घासाघीस होते.